हप्ता कोणी भरला, कसा भरला?

जानेवारी-फेब्रुवारी आला की शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या कार्यालयांतून आयकराचा तक्ता फिरू लागतो. कारकून टेबलाशी येऊन विचारतो, "सर, पावत्या आणल्यात का?" मग घरी कपाटे उघडली जातात. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, मुलांची फी यांचे कागद लगेच सापडतात, कारण ते दरवर्षीचे असतात. अडते ते '80 डी' असे लिहिलेल्या ओळीपाशी. आरोग्य विम्याचा हप्ता आणि आरोग्य तपासणीचा खर्च या ओळीत दाखवायचा असतो. पुष्कळ जण ती कोरी सोडतात आणि काही जण पॉलिसीवरचा आकडा जसाच्या तसा उतरवून मोकळे होतात. दोन्हींत नुकसान आहे.

पॉलिसी घरात आहे म्हणजे वजावट मिळाली, असा बहुतेकांचा समज असतो. कायदा मात्र पॉलिसीपाशी थांबत नाही. तो तीन प्रश्न विचारतो: हप्ता कोणासाठी भरला, कोणाच्या उत्पन्नातून भरला आणि कोणत्या मार्गाने भरला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लोक देतात. तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे रोख की बिनरोख यावर, चांगली चांगली माणसे चुकतात आणि चूक लक्षात येते तोवर 31 मार्च उलटून गेलेला असतो. म्हणून या महिन्यात आम्ही हीच एक ओळ नीट वाचून घेणार आहोत.

आधी एक सोपी पारख

ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या करप्रणालीत 80 डी नाही आणि तुम्ही काहीच कळवले नाही तर कार्यालय तुम्हाला नव्या प्रणालीतच धरते. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत पगारदाराला 75 हजारांची सरसकट वजावट आहे, आणि त्यानंतरचे करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कर शून्य होतो. म्हणजे ज्यांचे उत्पन्न केवळ पगाराचे आहे आणि वर्षाचा एकूण पगार पावणेतेरा लाखांच्या आत आहे, त्यांना यंदा 80 डीसाठी धावपळ करण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांतले बरेच जण याच गटातले असतील. त्यांनी विमा जरूर ठेवावा, पण कर वाचेल म्हणून नव्हे.

ज्यांचा पगार याच्या वर आहे आणि ज्यांना घरभाडे भत्त्याची सूट, घरकर्जाचे व्याज, 80 सी यांसारख्या मोठ्या वजावटी आहेत, त्यांना मात्र दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावे लागतात. अशा घरात 80 डीची ओळच कधी कधी पारडे झुकवते. ते कसे, हे पुढे एका घराच्या हिशेबात येईल. पगारदार माणसाला, त्याचा धंदा-व्यवसाय नसेल तर, दरवर्षी विवरणपत्र भरताना प्रणाली निवडता येते. कार्यालयाने नव्या प्रणालीने कर कापला असला तरी विवरणपत्र मुदतीत भरून जुनी प्रणाली घेता येते आणि जादा कापलेला कर परत मिळतो. मुदत चुकली तर ही निवड हातची जाते.

दोन डबे

वर्गात हा विषय शिकवायचा असता तर आम्ही फळ्यावर दोन डबे काढले असते.

पहिला डबा तुमच्या स्वतःच्या घराचा. त्यात तुम्ही, तुमची पत्नी किंवा पती आणि तुमच्यावर अवलंबून असलेली मुले. या सर्वांसाठी भरलेला हप्ता मिळून जास्तीत जास्त 25 हजारांची वजावट. यांच्यापैकी विमा उतरवलेल्या कोणाचे वय 60 किंवा त्याहून अधिक असेल तर मर्यादा 50 हजार.

दुसरा डबा आई-वडिलांचा. त्यांच्यासाठी भरलेल्या हप्त्याची वजावट वेगळी मिळते, तीही 25 हजारांपर्यंत, आणि दोघांपैकी एक जण जरी साठीचा असेल तरी 50 हजारांपर्यंत. साठ वर्षे त्या आर्थिक वर्षात कधीही पूर्ण झाली तरी चालतात. ज्येष्ठांसाठी ही 50 हजारांची मर्यादा 2018 च्या अर्थसंकल्पापासून आली. त्याआधी ती 30 हजार होती.

डबे दोन आहेत आणि एकातले दुसऱ्यात ओतता येत नाही. स्वतःच्या घराचा हप्ता 15 हजारच असेल तर उरलेले 10 हजार अब्बा-अम्मींच्या डब्यात टाकता येत नाहीत. तसेच त्यांचा हप्ता 58 हजार असेल तर वरचे 8 हजार आपल्या डब्यात येत नाहीत.

दुसऱ्या डब्याविषयी दोन गैरसमज आहेत. एक असा की आई-वडील आपल्यावर अवलंबून असले पाहिजेत. ही अट मुलांसाठी आहे, आई-वडिलांसाठी नाही. वडिलांना पेन्शन असली तरी त्यांच्यासाठी मुलाने भरलेल्या हप्त्याची वजावट मुलाला मिळते. दुसरा गैरसमज असा की आई-वडिलांचा खर्च मुलानेच दाखवायचा. कायद्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. लग्न होऊन सासरी गेलेली, स्वतः कमावणारी लेक आपल्या अम्मी-अब्बांचा हप्ता आपल्या पगारातून भरत असेल तर ती वजावट तिची. मात्र सासू-सासरे कोणाच्याही डब्यात बसत नाहीत, ना सुनेच्या, ना जावयाच्या. भाऊ-बहिणीही नाहीत. सुनेने मायेने सासूचा हप्ता भरला तर ती तिची भलाई, पण वजावट मिळायची तर तो तिच्या नवऱ्याने, म्हणजे सासूच्या मुलाने, आपल्या खात्यातून भरायला हवा.

रोख दिले की वजावट गेली

आता मुख्य मुद्दा. कलमाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचा खर्च कोणत्याही मार्गाने केला तरी चालेल, रोखसुद्धा. बाकी सर्व रकमा रोख सोडून इतर मार्गाने दिलेल्या असल्या पाहिजेत.

म्हणजे हप्ता चेकने, डिमांड ड्राफ्टने, डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने, नेट बँकिंगने, यूपीआयने किंवा खात्यातून आपोआप कापून जाण्याची सोय करून भरा. यातले काहीही चालते. रोख भरला तर एक रुपयाचीही वजावट नाही. इथे अमुक रकमेपर्यंत रोख चालते अशी सवलतही ठेवलेली नाही. 50 हजारांचा हप्ता रोख भरला आणि 5 हजारांचा रोख भरला, दोघांचे उत्तर एकच.

यामुळे पॉलिसी रद्द होत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. कंपनीने रोख घेऊन पावती दिली असेल तर विमा चालू आहे, दवाखान्याचा दावाही मिळेल. रोखीचा फटका फक्त कराच्या हिशेबात बसतो. म्हणूनच तो वर्षभर जाणवत नाही.

आमच्या वस्त्यांत विम्याचा एजंट बहुधा ओळखीतला असतो. तो संध्याकाळी घरी येतो, चहा होतो, अब्बा कपाटातून पैसे काढून मोजून देतात. चार दिवसांनी पावती येते. व्यवहार चोख, फसवणूक कुठेच नाही. पण पावतीवर 'रोख' असे लिहिलेले असते आणि मुलगा ती फेब्रुवारीत कार्यालयात देतो. कंपनीच्या काउंटरवर जाऊन रोकड भरली तरी तेच. बँकेत जाऊन कंपनीच्या खात्यात रोकड जमा केली तरी तेच. बँक मध्ये आली म्हणून ती रोकड बिनरोख होत नाही.

यातला एक प्रकार जास्त फसवा आहे. एजंट म्हणतो, "चाचा, तुम्ही रोकड मला द्या, मी माझ्या मोबाइलवरून भरतो. पावतीवर ऑनलाइन येईल." पावतीवर तसे येतेही. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो: पैसे कोणाच्या खात्यातून गेले? कलमात शब्द आहेत की रक्कम करदात्याने स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून दिलेली असावी. उद्या आयकर खात्याने विचारले तर तुमच्या पासबुकात त्या हप्त्याची ओळच नसते. पावती ऑनलाइनची आणि खाते एजंटचे, हे कोडे तुम्हाला सोडवता येणार नाही.

हीच गोष्ट घरातल्या घरातही होते. अब्बा आपल्या पेन्शनच्या खात्यातून हप्ता भरतात आणि मुलगा महिन्याच्या शेवटी तेवढी रोकड त्यांच्या हातात ठेवतो. मुलाच्या मनात हप्ता त्याने भरला, आणि माणुसकीच्या हिशेबात ते खरेही आहे. कागदावर मात्र तो अब्बांनी भरला, वजावटही अब्बांचीच. अब्बांना कर बसत नसेल तर ती कोणाच्याच कामाची नाही. हप्ता मुलाने थेट आपल्या खात्यातून कंपनीला भरावा, हा यावरचा साधा उपाय. नवी पॉलिसी घेतानाच प्रस्तावक म्हणून मुलाचे नाव असेल तर कंपनीचे प्रमाणपत्र त्याच्याच नावाने येते आणि पुढे प्रश्न उरत नाही.

दोन भाऊ मिळून हप्ता भरत असतील तर एकाच रकमेची वजावट दोघांनी दाखवू नये. ज्याच्या खात्यातून जेवढे गेले तेवढेच त्याचे. एक वर्ष मोठ्याने आणि एक वर्ष धाकट्याने पूर्ण हप्ता भरावा, असा वाटाही घालता येतो.

तपासणीची छोटी डबी

आता रोख चालते तो भाग. प्रतिबंधात्मक तपासणी म्हणजे आजार जडण्याआधी, तो असलाच तर वेळीच कळावा म्हणून केलेली तपासणी. साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड, यकृत, हृदयाचा आलेख यांचे 'हेल्थ चेकअप' म्हणून जे पॅकेज प्रयोगशाळा आणि दवाखाने देतात ते यात येते. त्यासाठी विमा असण्याची गरज नाही.

याची मर्यादा 5 हजार रुपये आहे आणि इथेच दोन चुका होतात. पहिली अशी की लोक हे 5 हजार वरचे समजतात: 25 अधिक 5 म्हणजे 30. तसे नाही. ही डबी मोठ्या डब्याच्या आतच ठेवलेली आहे. हप्ता 25 हजार झाला असेल तर डबा भरला, तपासणीला जागा उरली नाही. दुसरी चूक अशी की लोक प्रत्येक डब्यात 5-5 हजार धरतात. तुमच्या घराची आणि आई-वडिलांची तपासणी मिळून एकूण 5 हजार, त्याहून अधिक नाही. ती रक्कम दोन्ही डब्यांत वाटून दाखवता येते.

रोख दिले तरी चालते म्हणजे पावती नको असे नव्हे. रोख व्यवहारात पावती हाच एकमेव पुरावा असतो. ती छापील, तारखेची, तपासणी झालेल्या माणसाच्या नावाची असावी आणि तीवर आरोग्य तपासणी असा स्पष्ट उल्लेख असावा. चिठोऱ्यावर लिहिलेला आकडा उपयोगाचा नाही. आणि 44 वर्षांच्या माणसाला ताप आला, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, तर तो उपचाराचा खर्च झाला. तो या डबीत बसवू नये.

एका घराचा हिशेब

समजा, एक गृहस्थ 44 वर्षांचे आहेत. नोकरी नवी मुंबईत एका कंपनीत, राहणे मुंब्र्यात भाड्याने. रायगड जिल्ह्यातल्या गावी कर्ज काढून घर बांधले आहे, तिथे 72 वर्षांचे अब्बा आणि 66 वर्षांच्या अम्मी राहतात. पत्नी घर सांभाळते, दोन मुले शाळेत आहेत. वर्षाचा एकूण पगार 16 लाख.

नव्या प्रणालीत त्यांचे 75 हजार वजा होऊन 15 लाख 25 हजार करपात्र राहतात आणि उपकरासह कर होतो 1,13,100 रुपये.

जुन्या प्रणालीत सरसकट वजावट 50 हजार, व्यवसाय कर 2,500, घरभाडे भत्त्याची सूट 2 लाख 20 हजार, घरकर्जाचे व्याज 2 लाख आणि 80 सी चे दीड लाख वजा केले की 9,77,500 उरतात. यावर उपकरासह कर 1,12,320. म्हणजे दोन्ही प्रणाली जवळजवळ बरोबरीत आहेत. आता 80 डी मांडू.

पत्नी-मुलांसह स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता 19,500 आहे, तो खात्यातून आपोआप जातो. पती-पत्नीने हेल्थ चेकअप केले, 3 हजार रोख दिले, पावती आहे. पहिल्या डब्यात झाले 22,500. डबा 25 हजारांचा आहे, तेव्हा हे सर्व मिळते.

अब्बा-अम्मींच्या पॉलिसीचा हप्ता 44 हजार. दोघांची तपासणी गावाजवळच्या प्रयोगशाळेत झाली, 4,500 रोख. पण तपासणीच्या 5 हजारांपैकी 3 हजार आधीच वापरले गेले, म्हणून इथे 2 हजारच धरता येतात. 44 आणि 2 मिळून 46 हजार, 50 च्या आत. दोन्ही डबे मिळून वजावट 68,500.

करपात्र उत्पन्न 9 लाख 9 हजारांवर येते आणि कर 98,072 रुपये होतो. 80 डी मुळे 14,248 रुपये वाचले, आणि नव्या प्रणालीपेक्षा जुनी 15 हजारांनी स्वस्त पडली.

आता याच हिशेबात एकच गोष्ट बदला. अब्बा-अम्मींचे 44 हजार एजंटच्या हातात रोख दिले गेले. तपासणीचे पैसे रोख होते तरी ते टिकतात. हप्ता मात्र संपूर्ण गळतो. वजावट 68,500 वरून 24,500 वर येते आणि कर 9,152 रुपयांनी वाढतो. तीच पॉलिसी, तेच घर, तोच विमा. फक्त पैसे ज्या वाटेने गेले ती वाट वेगळी.

ज्यांच्या आई-वडिलांचा विमाच नाही

आमच्या पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसांचा विमा नसतो. कुठे मधुमेह, हृदयविकार यांमुळे कंपनीने नाकारलेला असतो, कुठे हप्ता परवडत नाही, तर कुठे विम्याविषयीच मनात शंका असते. त्या शंकेचा निवाडा आलिमांकडून करून घ्यावा, तो आमच्या अधिकारातला विषय नाही. कर भरणाऱ्याला एवढे मात्र ठाऊक असावे की अशा घरासाठीही याच कलमात एक दार उघडे ठेवले आहे.

आई किंवा वडील 60 किंवा त्याहून अधिक वयाचे असतील आणि त्यांच्या आरोग्य विम्यासाठी काहीही रक्कम भरलेली नसेल, तर त्यांच्यावर केलेला वैद्यकीय खर्च त्याच दुसऱ्या डब्यात, 50 हजारांच्या मर्यादेत, दाखवता येतो. कायद्यात 'वैद्यकीय खर्च' एवढेच शब्द आहेत, यादी दिलेली नाही. डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या, दवाखान्याचे बिल हे त्यात धरले जाते. अब्बांचा विमा आहे आणि अम्मींचा नाही, असे असेल तर अब्बांचा हप्ता आणि अम्मींचा औषधोपचार एकत्र धरता येतो. मर्यादा मात्र दोघांची मिळून तेवढीच.

अट तीच: रोख नको. आणि इथे ती अधिक बोचते, कारण हप्ता वर्षातून एकदा जातो, औषधे दर महिन्याला. समजा 68 वर्षांच्या अम्मींची मधुमेहाची औषधे महिन्याला 2,600 रुपयांची आहेत. वर्षाचे 31,200. डॉक्टर आणि तपासण्या 8,800. एकूण 40 हजार. मुलाने हे सगळे आपल्या खात्यातून यूपीआयने दिले आणि बिले जपली, तर 40 हजारांची वजावट. डॉक्टर-प्रयोगशाळेला यूपीआयने दिले पण औषधे नाक्यावरच्या दुकानातून रोख आणली, तर हाती फक्त 8,800. वरच्या गृहस्थांच्या दराने धरले तर हे जवळपास साडेसहा हजारांचे नुकसान आहे, दरमहा थोडे थोडे करून झालेले.

अम्मी गावी आणि मुलगा शहरात असेल तर मुलाने औषधवाल्याला शहरातूनच पैसे पाठवावेत आणि बिल अम्मींच्या नावाने करून त्याचा फोटो मागवून घ्यावा. शेजारच्या मुलाने आपल्या मोबाइलवरून पैसे दिले आणि नंतर त्याला रोकड दिली, तर पुन्हा एजंटचीच गोष्ट झाली.

ही सोय फक्त साठीच्या वरच्यांसाठी आहे. 57 वर्षांच्या विमा नसलेल्या आईच्या औषधांना ती लागू नाही. तिच्यासाठी फक्त तपासणीची छोटी डबी आहे.

मार्च संपण्याआधी काय पाहावे

कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा एजंटकडून 80 डीचे प्रमाणपत्र मागवा. त्यावर हप्त्याची रक्कम, भरल्याची तारीख, विमा कोणाकोणाचा आहे आणि पैसे कोणत्या मार्गाने मिळाले हे पाहता येते. शेवटची बाब आधी वाचा. मग आपले पासबुक उघडून त्याच तारखेची, तेवढ्याच रकमेची ओळ शोधा. प्रमाणपत्र आणि पासबुक एकमेकांशी जुळले तर निश्चिंत राहा. पासबुकात ओळ नसेल तर तो हप्ता तुमच्या वजावटीत धरू नका.

तारखेलाही महत्त्व आहे. 31 मार्चपर्यंत भरलेला हप्ता या वर्षाचा, 2 एप्रिलला भरलेला पुढच्या वर्षाचा. पॉलिसीची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपत असेल तर हप्ता कोणत्या वर्षात बसवायचा हे आताच ठरवा.

यंदाचा हप्ता रोख गेलाच असेल तर तो गेला. एजंटने "मागच्या तारखेचा चेक दाखवू" असे सुचवले तर नम्रपणे नाही म्हणा. खोटा दावा उघडकीस आला तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आयकर कायद्यात आहे. आता विवरणपत्रातही नुसती रक्कम लिहून भागत नाही. विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा क्रमांक द्यावा लागतो, त्यामुळे पडताळणी सोपी झाली आहे. विवरणपत्राला कागद जोडायचे नसतात, पण मागितले तर दाखवावे लागतात. प्रमाणपत्र, बिले आणि पासबुकाचे पान एकाच पाकिटात ठेवून वर वर्ष लिहून टाका.

कार्यालयात पावती द्यायची राहून गेली तरी घाबरू नये. हप्ता योग्य मार्गाने आणि वेळेत भरलेला असेल तर विवरणपत्र भरताना ही वजावट स्वतः घेता येते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होत आहे. त्यात ही तरतूद आहे, फक्त कलमाचा क्रमांक बदलतो. तेव्हा पुढच्या वर्षी कार्यालयाच्या तक्त्यात '80 डी' हे शब्द दिसले नाहीत तरी ओळ गेली असे समजू नका.

आणि एजंट पुढच्या वेळी चहाला येईल तेव्हा चहा जरूर पाजा. पैशाचे पाकीट मात्र कपाटातच राहू द्या आणि त्याच्याकडून कंपनीची भरणा-लिंक मागून घ्या. ती मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर, ज्याला वजावट घ्यायची आहे त्याच्या खात्यातून भरली गेली, की तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका झटक्यात लिहून होतात.